उरलेली ट्यूब

‘तुम्ही जिथं पूर्ण समाधानी असता, अशा जागेचं वर्णन करा.’ अमेरिकी कॉलेजांच्या ‘कॉमन ॲप’ अर्जात २०१३ साली निबंधाला असा एक विषय होता. मर्यादा ६५० शब्द. सरावासाठी भाचीनं सिंहगडावरचा सूर्यास्त लिहिला. छान होता, पण खाली कुणाचंही नाव चाललं असतं. मग तिनं आजोबांचं सायकलचं दुकान घेतलं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले तिथं खूण करायची आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दुसरं भोक नाही ना म्हणून उरलेली ट्यूबही फिरवून बघायची. शेवटचं ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य तिनं स्वतःच खोडलं. या अंकाच्या लेखकांनाही आम्ही जागाच विचारली. समुद्रकिनारे बरेच आले. बहुतेक परत पाठवले.