आरोग्यचिंतन : मुरमांची गोळी आणि चौविहार



पर्युषण संपल्यावर एका कापड व्यापारी कुटुंबातील एकोणीस वर्षांचा तरुण आईसोबत माझ्याकडे आला. गालांवर व कपाळावर लालसर पुळ्या, काहींत पू, पाठीवरही थोड्या; मात्र खोल गाठी नव्हत्या. अशा मध्यम स्वरूपाच्या मुरमांना केवळ मलम पुरत नाही. म्हणून मी त्याला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे लिहून दिले. रात्री लावण्यासाठी अ‍ॅडापॅलीन आणि सकाळसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के ही मलमेही दिली.

चौथ्याच दिवशी तो परत आला. छातीच्या मध्यभागी जळजळ होत होती आणि घास गिळताना कळ येत होती. घरच्यांना हृदयविकाराची धास्ती वाटली होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. तो चौविहार पाळतो. दुकानातून घाईने घरी येऊन सूर्यास्तापूर्वी जेवायचे, अखेरच्या क्षणी एका घोटाबरोबर कॅप्सूल गिळायची आणि लगेच आडवे व्हायचे, असा त्याचा क्रम होता. हे औषध आम्लधर्मी आहे. पाणी अपुरे पडले की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तेथेच विरघळते आणि आतील अस्तर अक्षरशः भाजते. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असल्याने ती खाली ढकलण्याचा मार्गही उरत नाही. दोष व्रताचा नव्हता, वेळेचा होता. आणि ती वेळ मी विचारली नव्हती, ही चूक माझी.

गोळी थांबवल्यावर काही दिवसांत वेदना शमली. पुन्हा सुरू करताना वेळ बदलली. नवकारशीनंतर न्याहारी करावी, मग ग्लासभर उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि निदान अर्धा तास बसून अथवा चालते राहावे. औषधाचा प्रभाव दिवसभर टिकतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळने परिणामात फरक पडत नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून या वेळी टॅब्लेटच लिहून दिली. लोहाची, कॅल्शियमची किंवा आम्लपित्ताची गोळी त्याच वेळी घेऊ नये, कारण त्यांच्याशी संयोग होऊन औषध नीट शोषले जात नाही. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी मळमळते. तो दिवस सोडला तरी मुरमांच्या उपचारात बिघडत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा घेऊ नये.

आईंचा प्रश्न रास्त होता : "डॉक्टर, गोळी आहे तर मलमांचा खर्च कशाला?" गोळी दाह आणि जंतू आवरते, पण रोमछिद्रे तुंबण्याचे मूळ कारण तसेच राहते. ते काम अ‍ॅडापॅलीन करते. शिवाय केवळ प्रतिजैविक दिल्यास त्याला न जुमानणारे जंतू माजतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने ते घडणे कमी होते. अ‍ॅडापॅलीन वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावावे, एकेका पुळीवर नव्हे. आरंभी त्वचा कोरडी होऊन सोलवटते, तेव्हा एक दिवसाआड लावावे. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते, हे मात्र व्यापाऱ्याने विसरू नये. हात धुतल्यावाचून ताग्याला स्पर्श करू नये!

आठव्या आठवड्याच्या सुमारास पुळ्या निम्म्यावर आल्या. त्याच वेळी कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा ठरली. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाने लवकर भाजते, आणि त्याला मुख्यतः कारण असतात ते अतिनील-ए किरण. हे किरण थंडीतही असतात व काचेतूनही आत येतात. म्हणून सनस्क्रीनवर केवळ एसपीएफ ३० पाहून भागत नाही. अतिनील-ए पासूनच्या संरक्षणाची 'पीए' खूणही पाहावी. त्याने पहाटे चढाई केली, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, दर दोन तासांनी सनस्क्रीन लावले. पण कान व हातांची पाठ राहून गेली, आणि नेमकी तीच लाल होऊन चुरचुरली.

हा उपचार साधारण तीन महिन्यांचा असतो. सहा-आठ आठवड्यांपूर्वी त्याचा निवाडा करू नये आणि तीन-चार महिन्यांपलीकडे गोळी लांबवू नये. तोवर गुण आला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांनी मार्ग बदलायला हवा. गर्भवतींना ही गोळी व अ‍ॅडापॅलीन दोन्ही वर्ज्य आहेत. आयसोट्रेटिनॉइनसोबत ती कधीही घेऊ नये. तीव्र डोकेदुखी होऊन दृष्टी धूसर झाल्यास गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.

त्या तरुणाची गोळी बारा आठवड्यांनी बंद केली. अ‍ॅडापॅलीन मात्र तो आजही रोज रात्री लावतो. चेहरा स्वच्छ दिसतो म्हणून मध्यंतरी त्याने ते महिनाभर सोडले होते, तेव्हा कपाळावर पुन्हा बारीक पुळ्या उमटल्या होत्या.