तापानंतरची नाडी

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असा व्यापारी घरांतून सार्वत्रिक समज असतो. दुकान चार दिवस बंद राहिलेले असते, अंग आखडलेले असते, आणि पहाटेचा फेरफटका केव्हा एकदा सुरू होतो असे होऊन जाते. सांगलीच्या हळद बाजारातील छप्पन्न वर्षांच्या एका गृहस्थांचे तेच झाले. पावसाळ्यात फ्लू झाला, चार दिवस १०२ अंशांपर्यंत ताप राहिला आणि पाचव्या दिवशी उतरला. सातव्या दिवशी ते नेहमीप्रमाणे पाऊण तास चालून आले. चालताना पाय जड वाटले, एवढेच. दुपारी मात्र पेढीवरच आडवे होण्याची वेळ आली.

त्यांच्या सुनेने एक चांगली सवय घराला लावली होती. सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, प्रत्येकाने नाडी मोजून वहीत लिहायची. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याचीच नाडी जाणवून फसगत होते. पूर्ण एक मिनिट मोजायची. चहा घेतला, जिना चढला, की तो आकडा विश्रांतीचा राहत नाही. चौविहार पाळणाऱ्यांची नाडी रात्रभर पाण्याविना मोजली जाते. पण रोज तसेच असेल, तर तुलनेला बाधा येत नाही.

वही उघडली, तेव्हा सारे स्पष्ट झाले. निरोगी असताना त्यांची नाडी ६४ ते ६६ असे. तापात ती ९६ झाली होती. सातव्या दिवशी, फिरायला निघण्यापूर्वी, ती ७८ होती. म्हणजे नेहमीपेक्षा बारा ठोके अधिक. फेरफटक्याच्या दुसऱ्या दिवशी ती ८४ वर गेली. ताप उतरला तरी शरीराची विषाणूशी झुंज लगेच थांबत नाही. शिवाय घाम आणि अंथरुणावर पडून राहणे यांमुळे रक्तातील पाण्याचा अंश घटतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त थोडे कमी फेकले जाते आणि ती तूट अधिक ठोक्यांनी भरून काढावी लागते. जमेच्या बाजूला काहीच नसताना त्यांनी पाऊण तासाचा खर्च टाकला होता.

मग त्यांनी रीत बदलली. तापाच्या गोळीविना ताप नसावा आणि सकाळची नाडी नेहमीच्या आकड्याहून पाचांपेक्षा अधिक वर नसावी, तोवर फक्त घरातल्या घरात वावरायचे. पाच दिवसांनी नाडी ७० वर आली. तेव्हा पंधरा मिनिटे सपाट रस्त्याने चालणे सुरू झाले. वेग एवढाच, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. परतल्यावर श्रमाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा, शून्य म्हणजे बसून राहणे आणि दहा म्हणजे शरीराची परिसीमा. तीनच्या वर जायचे नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटे वाढवायची, पण दुसऱ्या दिवशीची नाडी स्थिर असेल आणि थकवा नसेल तरच. श्रमाचा खरा हिशेब त्याच दिवशी लागत नाही. कधी तो दुसऱ्या, तर कधी तिसऱ्या दिवशी निघतो.

एकदा नाडी ६८ होती, तरी वीस मिनिटांच्या चालण्याला त्यांनी पाचाचा आकडा दिला. रस्ता तोच, वेग तोच. नाडी होकार देते आणि पाय नकार देतात, अशा वेळी पायांचे ऐकावे. ते दोन दिवस थांबले आणि पुन्हा पंधरा मिनिटांवर आले. पाऊण तास आणि श्रम तीन, हा जुना मेळ जमायला फिरणे नव्याने सुरू केल्यापासून तीन आठवडे लागले. सहाव्या-सातव्या दिवशी बरे वाटते, म्हणून धावायला निघणाऱ्या तरुणांनी हे तीन आठवडे ध्यानात घ्यावेत.

या काळात छातीत दुखले, धडधड झाली, ठोके चुकल्यासारखे वाटले, थोड्या श्रमाने धाप लागली किंवा भोवळ आली, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावे. क्वचित विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि त्या अवस्थेत केलेला व्यायाम घातक ठरू शकतो. दोन आठवड्यांनंतरही नाडी उतरत नसेल, तरी तपासणी करून घ्यावी.

त्याच घरातील थोरल्या बंधूंनाही तोच ताप आला होता. त्यांची वही मात्र काहीच बोलेना. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल घेतात. हे औषध हृदयाचे ठोके वाढू देत नाही. तापातही त्यांची नाडी ७० च्या आसपासच राहिली. त्यांच्यासाठी नाडीचा रकाना सोडून देऊन केवळ श्रमाचा आकडा आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा यांवरच फिरणे ठरवावे लागले, आणि त्यांना धाकट्या भावापेक्षा एक आठवडा अधिक लागला.