तुलना म्हणजे उत्तर नव्हे

मुद्दा, नियम, उपयोजन, निष्कर्ष हा चार पायऱ्यांचा साचा विद्यार्थ्याची बुद्धी बांधून टाकतो, असे कायदा शिकवणारे अनेकजण म्हणतात. दोन निवाड्यांची नीट तुलना केली की समज दिसते, आणखी काय हवे, असा त्यांचा सवाल असतो. तुलनेत समज दिसते हे मी मान्य करतो. पण समस्याप्रश्नात एक माणूस आपला हक्क मागत उभा असतो, आणि तुलना त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

करार कायद्यातली नेहमीची जोडी घेऊ. लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, १९१३. मालकाचा पुतण्या हरवला, मुनीम लालमनला शोधायला हरिद्वारला पाठवले. तो गेल्यावर मालकाने ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके काढली. लालमनने मुलगा शोधला, पुढे बक्षिसासाठी दावा केला आणि तो हरला. दुसरा निवाडा हरभजन लाल विरुद्ध हरचरण लाल, १९२५. हरवलेल्या मुलाच्या बापाने ५०० रुपये जाहीर केले होते. ते ठाऊक असलेल्या माणसाला मुलगा रेल्वे स्टेशनवर दिसला. त्याने त्याला रेल्वे पोलिसांकडे नेले, बापाला तार केली, आणि तो जिंकला. दोन्ही निवाडे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे. विद्यार्थी लिहितो: एकाला प्रस्तावाची माहिती नव्हती, दुसऱ्याला होती; म्हणून निकाल वेगळे. वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे.

आता प्रश्न असा. सोलापूरच्या दुकानदाराने हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी नोकराला भाडे देऊन सांगितले, "पंढरपुरात दोन दिवस शोध आणि परत ये." दुसऱ्या संध्याकाळी नोकराने वर्तमानपत्रात ५०,००० रुपयांच्या बक्षिसाची जाहिरात वाचली. त्याने फोनवर तिसऱ्या दिवसाची रजा घेतली, स्वखर्चाने तुळजापूर गाठले, तिथे मुलगा सापडला. त्याला पोलीस ठाण्यात बसवून मालकाला कळवले. बक्षीस मिळेल?

तुलनाच लिहिणारा म्हणेल, माहिती होती, म्हणजे हरभजनसारखे, मिळेल. उत्तर बरोबर, पण वाट चुकली. लालमनच्या निकालाला दुसराही आधार आहे, आणि तो तुलनेत गळाला: शोधाची जबाबदारी त्याने बक्षीस जाहीर होण्याआधीच पत्करली होती. मुलगा शोधणे हे मुनिमाचे नेहमीचे काम नाही हे न्यायालयाने मानले. तरीही जायला कबूल झाल्यावर ते त्याचे कर्तव्य झाले, असे ठरवले.

म्हणून इथे मुद्दे तीन, आणि चार पायऱ्या प्रत्येकासाठी वेगळ्या चढायच्या. सगळे नियम आधी आणि सगळे उपयोजन शेवटी लिहिले की कोणती वस्तुस्थिती कोणत्या नियमाला भिडते हेच कळेनासे होते.

पहिला मुद्दा माहितीचा. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ८ नुसार प्रस्तावातली अट पार पाडणे ही स्वीकृती. पण प्रस्ताव ठाऊकच नसेल तर स्वीकृती नाही, हे लालमनमध्ये ठरले. नोकराने जाहिरात आधी वाचली, मुलगा नंतर सापडला. मुद्दा त्याच्या बाजूने.

दुसरा मुद्दा आधीच्या कर्तव्याचा, आणि खरी झुंज इथेच. मालकाचा वकील म्हणेल, शोधासाठीच पाठवलेल्या नोकराने त्याच शोधाचे बक्षीस मागू नये. मी उत्तरात हा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडायला सांगतो, मग तथ्यांकडे वळायला. कर्तव्याला गाव आणि मुदत होती. तिसरा दिवस रजेचा, तुळजापूर हुकुमाबाहेरचे, खर्च त्याचा. लालमनवर असलेले बंधन इथे संपलेले होते. तुलनेतला फरक इथे कामाला आला: नियमाच्या जागी निवाड्याची गोष्ट सांगायची नाही, तिच्यातले नेमके तथ्य आपल्या तथ्यासमोर ठेवायचे.

तिसरा मुद्दा छोटा. जाहिरातीत "घरी आणून देणाऱ्यास" असे असले तरी, पोलिसांकडे सोपवून कळवणे म्हणजे अट सारतः पार पाडणे, हे हरभजनमध्ये मान्य झाले.

आक्षेप घेणारे आणखी एक म्हणतात: ठाम निष्कर्ष काढणे हा कायद्यातला भाबडेपणा, दोन्ही बाजू दाखवून थांबावे. हेही मला पटत नाही. अनिश्चितता असते, पण ती नेमकी कुठे आहे ते लिहावे लागते. हे दोन्ही निवाडे अलाहाबादचे. महाराष्ट्रातल्या न्यायालयावर ते बंधनकारक नाहीत, मार्गदर्शक आहेत. इतके नोंदवून निष्कर्ष लिहिता येतो: नोकर बक्षिसास पात्र आहे, कारण पहिले कर्तव्य पंढरपुरातच संपले.

आणि मुलगा दुसऱ्याच संध्याकाळी, जाहिरात वाचल्यावर तासाभरात, पंढरपुरातच सापडला असता तर? तुलना लिहिणारा पुन्हा "माहिती होती" म्हणून बक्षीस देईल. मुद्देसूद लिहिणारा दुसऱ्या मुद्द्यावर थांबेल, कर्तव्य अजून चालू होते हे पाहील, आणि दावा फेटाळेल.