दोन स्कॅन, एक यादी आणि पन्नास आर



गेल्या महिन्यात आपल्या एका गावात वनहक्क समितीची बैठक दोन कागदांवर अडकली. दोन्ही कागद एकाच यादीचे. वैयक्तिक दाव्यांची यादी, २३ नावं, प्रत्येक नावापुढं मोजणीत आलेलं क्षेत्र आणि खाली बेरीज. एक प्रत समितीनं तालुक्याच्या दुकानात स्कॅन करून फोनात ठेवलेली. दुसरी कचेरीतून स्कॅन होऊन आलेली. दोन्हींवर तारीख तीच, सह्या त्याच, खालची बेरीजही तीच, २४.३७ हेक्टर. पण तीन ओळींचे आकडे जुळेनात.

चौथी ओळ: आपल्या प्रतीत ०.६६, कचेरीच्या प्रतीत ०.८६. अकरावी: आपल्यात १.०६, त्यांच्यात १.६०. सतरावी: आपल्यात १.३०, त्यांच्यात ०.८०.

बैठकीत दोन मतं निघाली. काही म्हणाले, आपली प्रत खरी, कचेरीवर भरवसा कशाला? काही म्हणाले, जिथं जास्त क्षेत्र आहे तो आकडा धरा, आपलाच फायदा. आम्हाला दोन्ही मतं पटली नाहीत. का, ते सांगतो.

पहिलं म्हणजे, स्कॅन हा मूळ कागद नव्हे. आकडा स्वच्छ दिसतो म्हणून तो खरा ठरत नाही. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल नावाच्या संगणक जाणणाऱ्या माणसानं हे जगाला दाखवलं. झेरॉक्स कंपनीच्या मशीनवर एका घराचा नकाशा स्कॅन केला होता. तीन खोल्यांचं क्षेत्र मूळ नकाशात वेगवेगळं, १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं, आणि तेही अगदी ठळक. फाईल लहान व्हावी म्हणून ते मशीन पानाचे बारीक तुकडे करायचं, आणि दोन तुकडे सारखे वाटले की एकाच्या जागी दुसरा चिकटवायचं. इंग्रजी सहाचा आठ असाही व्हायचा. नंतर कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. आपल्या दुकानातल्या मशीननं हेच केलं असं आम्ही म्हणत नाही. पण सहा आणि आठ, एक आणि सात, आपल्या मराठीतले १ आणि ९, ही जोडी दिसली की थांबायचं. टिंब कुठं आहे तेही बघायचं.

म्हणून समितीनं पेटीतली मूळ यादी काढली. एकानं मोठ्यानं वाचलं, दोघांनी दोन प्रतींवर खुणा केल्या. चौथ्या ओळीत मूळ कागदावर शाईनं ०.८६ आहे. म्हणजे चूक आपल्याच स्कॅनमध्ये होती आणि कचेरीची प्रत बरोबर. 'आपली तेवढी खरी' म्हणून बसलो असतो तर त्या भावाचे २० आर, म्हणजे जवळपास अर्धा एकर, आपल्याच हातानं गेले असते.

अकराव्या ओळीची गोष्ट वेगळी. एक हेक्टर म्हणजे १०० आर. मोजणीच्या वहीत त्या मावशीचं क्षेत्र १-६ असं लिहिलेलं, म्हणजे एक हेक्टर सहा आर. यादीत ते १.०६ असंच यायला पाहिजे. कुणी १.६ लिहिलं की पुढचा माणूस ते १.६० वाचतो आणि ५४ आर हवेतून तयार होतात. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "नाल्याच्या पलीकडं माझं काही नाही, तिथं तर आमच्या दिराचं आहे." मोजणीच्या नकाशातही तिची हद्द नाल्यावरच थांबते. जास्तीचा आकडा धरला असता तर तो उद्या दिराच्या दाव्यावर चढला असता. मग भांडण घरातच लागतं, आणि एक खोटा आकडा सापडला की बाकीच्या २२ नावांवरही कुणी बोट ठेवू शकतं.

आता बेरीज. वाद नसलेल्या २० ओळींची बेरीज २१.१५ येते. खाली २४.३७ छापलंय, म्हणजे तीन ओळींसाठी उरतात ३.२२. आता ०.८६, १.०६ आणि १.३० मिळवून बघा, बरोब्बर ३.२२. दुसरी कुठलीही जोडणी करून बघा, जुळत नाही. पण एक ध्यानात ठेवा, बेरीज फक्त एवढंच सांगते की बेरीज करणाऱ्यासमोर कोणते आकडे होते. जमीन किती आहे ते बेरीज सांगत नाही. ते पंचनामा, मोजणीचा नकाशा आणि बांधावर उभा राहणारा माणूस सांगतो.

राहिली सतरावी ओळ. १.३० चं ०.८० कुठलंही मशीन सहज करत नाही, इथं दोन आकडे बदललेत. टिंबाचीही चूक नाही. मूळ यादीत १.३०, पंचनाम्यात १.३०, नकाशात १.३०. आणि खालची बेरीज अजून १.३० धरूनच आहे. म्हणजे बेरीज झाल्यावर कुणीतरी ही ओळ बदलली. टायपिंगची चूक असेल, किंवा कुणी क्षेत्र कमी करायचं ठरवलं असेल. ते आपण घरी बसून ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. ५० आर म्हणजे सव्वा एकराच्या आसपास. त्या घराची नागलीची अर्धी शेती त्यात जाते.

क्षेत्र खरंच कमी केलं असेल तर वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि निर्णय दावेदाराला कळवावा लागतो. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं दाद मागता येते. म्हणून गावानं दोन अर्ज दिले. एक उपविभागीय समितीला: ही ओळ कधी, कुणी, कोणत्या कारणानं बदलली ते लेखी द्या. दुसरा माहिती अधिकारात: मूळ यादी आणि त्या दाव्याची फाईल बघू द्या आणि प्रमाणित प्रत द्या. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. तोवर ग्रामसभेच्या ठरावात ती ओळ 'वादात' अशीच लिहिली आहे. मधला आकडा काढून १.०५ धरायचं कुणीतरी सुचवलं होतं. ते तर दोन्ही कागदांवर नाही आणि शेतातही नाही.

आमचं सगळ्या गावांना सांगणं एवढंच. यादीची नवी प्रत हातात आली की आधी जुनीशी ओळ न् ओळ ताडून बघा. प्रत कुणाकडून, कोणत्या तारखेला आली ते तिच्या मागं लिहा. फरक दिसला तर कुठल्याच प्रतीवर पेन चालवू नका, खोडलेला कागद उद्या आपल्याच विरोधात जातो. वेगळ्या कागदावर लिहा: ओळ क्रमांक, पहिल्या प्रतीत काय, दुसऱ्या प्रतीत काय, मुळात काय, आणि काय ठरवलं ते कशावरून. तो कागद ग्रामसभेत वाचा, सह्या-अंगठे घ्या. ज्याची ओळ आहे तो माणूस त्या वेळी समोर पाहिजे.

आणि मूळ कागद. स्कॅन झालं म्हणून तो दुकानात विसरू नका, चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. त्या गावाकडं मूळ यादी पेटीत होती, म्हणून तीनपैकी दोन ओळी एका दुपारी सुटल्या आणि तिसरी कुणाला विचारायची ते कळलं.

जोहार! जिंदाबाद!