मागच्या जिन्याचे कुलूप आधी काढा
शाळांतील सुरक्षा-सरावाविषयी जाहीर आवाहन

समस्त पालक, शिक्षकवर्ग, मुख्याध्यापक आणि शाळा चालविणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी यांस,

गेल्या आठवड्यात आपल्याच शहरातील एका तीन मजली शाळेत मुख्य जिन्याखालील मीटरबोर्डातून धूर निघू लागला. वरच्या दोन मजल्यांवरील मुलांना शिक्षकांनी मागच्या जिन्याकडे वळविले, तेव्हा त्या जिन्याच्या तळाशी असलेल्या जाळीच्या दाराला कुलूप होते, आणि कुलपाची एकुलती एक किल्ली ज्या शिपायापाशी होती तो शाळेच्या कामाने बँकेत गेलेला होता. मुले तशीच उलटी फिरली. वरून येणारी आणि खालून परतणारी अशा दोन रांगा मधल्या वळणावर एकमेकींत अडकल्या. आणि धूर आपोआप विरला म्हणूनच केवळ, काही मुलांचे गुडघे फुटण्यापलीकडे अनर्थ घडला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पालकमंडळाने शाळेचे दप्तर पाहावयास मागितले, तेव्हा त्याच महिन्यात आपत्कालीन सराव झाल्याची नोंद त्यात सुवाच्य अक्षरांत आढळली, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘यशस्वी’.

या एका शब्दाने आम्हांस जो संताप आला तो मीटरबोर्डाने आला नाही. विजेची जोडणी जुनी होते, तारा तापतात. हे कोठेही घडू शकते. परंतु ज्या सरावात मागचा जिना कोणी उतरलाच नाही, मुलांची मोजदाद झाली नाही आणि वेळ घड्याळावर पाहिली गेली नाही, त्याला यशस्वी म्हणणे ही पालकांची उघड फसवणूक आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा अग्निसुरक्षा-यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, हे खरे; परंतु ते प्रमाणपत्र यंत्रणेविषयी बोलते, किल्ली कोणाच्या खिशात आहे याविषयी बोलत नाही.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील विस्तव गवती छपराला लागला आणि ९४ मुले मृत्यू पावली. वरच्या मजल्यावरून उतरण्याचा मार्ग अरुंद होता.  त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निर्णय दिला आणि सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. त्याला इतकी वर्षे लोटल्यावर आपल्या शहरात मागच्या जिन्याला कुलूप असावे, याची लाज ज्यांस वाटावयास हवी त्यांस ती वाटावी म्हणूनच हे पत्रक काढले आहे.

कुलपाची किंमत किती, ती हिशेबाने पाहा. समजा, शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येकी चार वर्ग आहेत आणि वर्गात ५० मुले. म्हणजे जिन्याने उतरावयाची मुले ४००. दीड मीटर रुंदीच्या जिन्यावरून मुले दोन रांगांनी, न धावता उतरली, तर ढोबळ मानाने प्रत्येक रांगेतून दर दीड सेकंदाला एक मूल खाली येते. दोन्ही जिने खुले असता प्रत्येकावरून २०० मुले उतरतात आणि त्यास सुमारे अडीच मिनिटे लागतात. एक जिना बंद झाला की पाच मिनिटे. घंटा कळून रांग लागण्यास अर्धे मिनिट आणि दालनातून चालण्यास थोडा अवधी धरला, तर पहिल्या स्थितीत साधारण साडेतीन मिनिटांत शेवटचे मूल बाहेर येते आणि दुसरीत सहा मिनिटे लागतात. धूर वरच्या दिशेनेच चढतो, आणि जिना ही त्याची चिमणी ठरते. म्हणून ही फरकाची अडीच मिनिटे सर्वांत वरच्या मजल्यावरील मुलांच्या वाट्याची आहेत. प्रत्येक शाळेने आपली पटसंख्या आणि आपले जिने घेऊन हा हिशेब स्वतः मांडावा, आणि मग सरावाची वेळ त्याच्याशी ताडून पाहावी.

आता कामांची वाटणी. घंटा वाजविण्याचा अधिकार मुख्याध्यापकांपुरता राखून ठेवणे हा आमच्या मते सर्वांत घातक रिवाज आहे. १९५८ च्या डिसेंबरात शिकागो येथील अवर लेडी ऑफ दी एंजल्स या शाळेला आग लागली, तेव्हा धोक्याची घंटा मुख्याध्यापिकेनेच वाजवावी असा तेथे नियम होता. धूर पाहिलेल्या शिक्षिका तिला शोधीत गेल्या, तर ती दुसऱ्या एका वर्गावर बदली शिकवीत होती. ९२ मुले आणि तीन शिक्षिका जोगिणी त्या आगीत गेल्या. म्हणून धूर वा ज्वाळा जो प्रथम पाहील, मग तो शिपाई असो की सहावीतला विद्यार्थी, त्याने घंटा वाजवावी. खोटी ठरली तरी त्याला कोणी एका शब्दाने बोलू नये. घंटा हाताने वाजविण्याची, पितळेची असावी, कारण विजेचा मुख्य खटका बंद करताच विजेची घंटा मुकी होते. तिचा नाद शाळा सुटण्याच्या टोलांहून वेगळा, अखंड असावा.

मुख्याध्यापक किंवा त्यांच्या गैरहजेरीत पर्यवेक्षक मैदानावर सूत्रे हाती घेतील, जिन्यात धावाधाव करणार नाहीत. कारकून १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करून शाळेचा पत्ता, नजीकची खूण आणि कोणत्या मजल्यावर धूर आहे हे सांगेल. एक शिपाई मुख्य खटका बंद करील, दुसरा रस्त्याकडील फाटक पूर्ण उघडून बंबाची वाट मोकळी ठेवील. प्रत्येक मजल्यासाठी एक ‘शेवटचा शिक्षक’ नेमावा. प्रसाधनगृहे, प्रयोगशाळा, ग्रंथालयाचा कोपरा पाहून, दारे ओढून घेऊन तोच सर्वांच्या मागून उतरेल. चालण्यास अडचण असलेल्या प्रत्येक मुलामागे दोन प्रौढांची नावे आधीच लिहिलेली असावीत, आणि त्यांतील एक रजेवर असेल त्या दिवशी तिसऱ्याचे नाव सकाळीच ठरावे. दप्तरे, डबे, चपला यांसाठी कोणी थांबणार नाही. वर्गशिक्षक मात्र एकच वस्तू घेऊन निघेल, ती म्हणजे हजेरीपट.

मार्गाविषयी एवढेच पाहावे की तळमजल्याचे वर्ग आपापल्या दारांनी परस्पर बाहेर पडतील आणि जिन्याच्या पायथ्याशी कोणाचीच वाट त्यांच्याशी छेदणार नाही. मधल्या वळणावर एक शिक्षक उभा राहील आणि दोन मजल्यांच्या रांगा एकमेकींत घुसू देणार नाही; ज्या मजल्यावर धूर आहे त्याला आधी वाट. जमण्याची जागा इमारतीपासून दूर, बंबाच्या वाटेबाहेर आणि कुंपणाच्या उंच भिंतीपासून अलग असावी. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाच्या वेळी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या मिरवणुकीतील मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली, हे ध्यानात असू द्यावे. आणि भूकंपाचा सराव हा आगीचा सराव नव्हे : जमीन हलत असता जिन्याकडे पळावयाचे नसते; बाकाखाली शिरून डोके झाकावयाचे, आणि हादरा थांबल्यावरच याच मार्गांनी बाहेर पडावयाचे. त्यासाठी वेगळा संकेत ठरवावा, दोन्हींची सरमिसळ करू नये.

काही आक्षेप आमच्या कानी आले आहेत. मागचे दार उघडे राहिल्यास मुले पळून जातात आणि चोर शिरतात, असे म्हणतात. दाराला आतून किल्लीवाचून उघडणारी कडी बसवा आणि शाळेच्या वेळात तेथे एक माणूस बसवा, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतात. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणणाऱ्यांस आम्ही उत्तर देत नाही. वर्षातून एका तासिकेचा हा प्रश्न आहे. मुले घाबरतात हे तर ज्यांनी सराव घेतलाच नाही त्यांचेच मत आहे.

आमचा आग्रह असा की सत्राच्या आरंभी पहिला सराव सांगून घ्यावा, आणि त्यापुढचा न सांगता, मधल्या सुट्टीत किंवा प्रार्थनेनंतर, जेव्हा मुले वर्गात नसतात. त्या वेळी एका शिक्षकाने लाल फडके घेऊन एका जिन्यावर उभे राहावे, म्हणजे तो मार्ग बंद झाला असे समजून सर्वांस दुसरीकडे वळावे लागेल. शाळेची खरी पारख तेथे होते.

सराव संपला की त्याच दिवशी, तासाभराच्या आत, वीस मिनिटांची आढावा-बैठक व्हावी. उद्यावर टाकलेली बैठक कौतुकाची होते. आधी वर्गनायकांनी बोलावे, मग शिपायांनी, मग शिक्षकांनी, आणि मुख्याध्यापकांनी अखेरीस. क्रम उलटा केला तर पुढे कोणी खरे बोलत नाही. नोंदवहीत पुढील रकाने असावेत : दिनांक आणि सरावाचा प्रकार, सरावाची पूर्वकल्पना कोणास होती, बंद केलेला मार्ग, घंटा, पहिले मूल बाहेर, शेवटचे मूल बाहेर आणि मोजदाद पूर्ण, अशा चार वेळा सेकंदांसह, वर्गवार हजर मुले आणि मैदानावर मिळालेली मुले, आढळलेले दोष, आणि प्रत्येक दोषापुढे ज्याने तो दूर करावयाचा त्याचे नाव व मुदत.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो. ‘सातवी ब : पटावर ४८, हजर ४४, मैदानावर ४३. एक विद्यार्थी दुसऱ्या मजल्याच्या प्रसाधनगृहात. घंटा ऐकू आली नाही. शेवटचा शिक्षक प्रयोगशाळेकडून थेट उतरला. उपाय : दुसऱ्या मजल्यावर दुसरी पितळी घंटा, प्रसाधनगृह आधी, प्रयोगशाळा नंतर. जबाबदारी पर्यवेक्षक, मुदत आठ दिवस.’ अशा नोंदीत कोणाची मानहानी नाही. जिच्यात एकही दोष नाही अशी नोंद दिसली, तर पालकांनी ती खोटी समजून पुढची विचारणा करावी. पुढच्या सरावाचा आरंभ मागील नोंदीचे दोष वाचून व्हावा.

आमच्या मंडळाचे सभासद हे नोकरीधंदा सांभाळून, पदरचा वेळ खर्चून या शहरातील शाळांचे जिने स्वतः चढून-उतरून पाहत आले आहेत, आणि जी शाळा बोलावील तेथे घड्याळ घेऊन मैदानावर उभे राहण्यास आम्ही तयार आहोत. जी बोलावणार नाही, तेथे पालकांनी स्वतः जावे. येत्या पालकसभेत गुणपत्रिकेआधी सरावाची नोंदवही मागावी, आणि सभा संपताच सर्वांनी मिळून मागच्या जिन्याने खाली उतरावे. दार उघडले नाही, तर ते उघडेपर्यंत तेथून हलू नये.

आपले,
पालकमंडळाचे चिटणीस