पडद्यावरची मराठी : भोक दिसलं, अळी निघून गेली

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बी पोखरणाऱ्या अळीने त्याची काही भीड ठेवली नाही. या पट्ट्यात बागायतदारांपुढे बोलायला उभं राहणाऱ्याला हा विषय चुकत नाही. आणि हातात असतं ते टिपण. समजा, त्यात असं लिहिलंय :

‘अळी कोवळ्या फळात शिरते, शिरल्याची जागा बुजते, आत बी खाऊन ती वाढते, त्यामुळे फळ वरून निरोगी दिसते, वाढ पूर्ण झाल्यावर ती गर पोखरून बाहेर पडते व पानांत कोष करते, म्हणून गळलेली फळे व पालापाचोळा वेळीच गोळा करून नष्ट करावा, तसेच दाट फांद्यांची विरळणी करावी.’

याची स्लाइड बहुतेक जण कशी करतात? वर ‘जीवनक्रम व व्यवस्थापन’, खाली : फळात शिरते, बी खाते, बाहेर पडते, फळे नष्ट करा, विरळणी करा. सुटसुटीत दिसतं खरं, पण ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ गळाले. नेमके तेच शेतकऱ्याला हवे होते.

मी आधी परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यांशापुढे समासात लिहितो, हा ऐकणाऱ्याला काय पटवतोय. इथे चार गोष्टी निघतात, म्हणजे चार स्लाइड. प्रत्येकीचं शीर्षक पूर्ण वाक्य, कारण गळालेला ‘म्हणून’ तिथेच बसवता येतो :

‘वरून चांगलं फळही आतून किडलेलं असतं.’
‘भोक दिसलं म्हणजे अळी निघून गेली.’
‘म्हणून गळलेलं फळ बागेत ठेवू नका.’
‘उजेड-हवा खेळावी म्हणून दाट फांद्या विरळ करा.’

तिसरीखाली मुद्दे तीनच : भोक नसलेली फळंही उचला, पालापाचोळाही गोळा करा, दोन्ही नष्ट करा. तिन्ही आज्ञार्थी, एक ‘उचला’ आणि दुसरा ‘गोळा करणे’ असं झालं की वाचणारा अडखळतो. भोक नसलेल्या फळात अळी अजून आत असू शकते, हे कारण मात्र पडद्यावर नको. ते स्लाइडखालच्या टिपांच्या चौकटीत लिहायचं आणि तोंडाने सांगायचं. विरळणी वेगळी काढली, कारण तिचं कारणच वेगळं : उजेड आणि हवा खेळते, फवारा आतपर्यंत पोचतो.

औषधांची नावं आणि प्रमाण मुद्द्यांत कोंबू नयेत. मागच्या रांगेत एक आकडा चुकीचा वाचला गेला तरी नुकसान बागेचं. ते कागदावर छापून हातात द्यावं.

झालेलं काम तपासायचं तर मुद्दे झाकून नुसती शीर्षकं ओळीने वाचा. गोष्ट लागली तर ठीक. कुठे ‘का बरं?’ असं विचारावंसं वाटलं तर परिच्छेद पुन्हा उघडा, तुम्ही तिथला एखादा ‘म्हणून’ खाल्लाय.