फोन धडधाकट, तरी मुका!

कांजूरमार्ग स्टेशनाबाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे मी एकदा जुना सीडीएमए हॅण्डसेट पाहिला. बॅटरी ठीक, अलार्मही वाजतोय, पण कॉल काही लागेना. मंडळी, बिघाड फोनमध्ये नव्हताच!

२००३ साली रिलायन्सच्या ५०१ रुपयांच्या योजनेमुळे सीडीएमए फोन घरोघरी गेले. ते ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. २०१६ मध्ये रिलायन्सचं सीडीएमए बंद झालं आणि तोच पट्टा फोर-जीला गेला. लहरी त्याच, भाषा बदलली. जुन्या फोनला ती कळत नाही, म्हणून कुठेही जा, रेंज शून्य! नंबर पोर्ट होतो हो, पण फोन होत नाही. सुरुवातीच्या सेटांत तर सिमच नसायचं, नंबर थेट फोनमध्ये भरलेला असायचा.

स्पेक्ट्रम मर्यादित आहे, त्यामुळे जुनं नेटवर्क कधीतरी जाणारच, हे मान्य. पण प्रत्येक सीडीएमए सेटला स्वतःचा ओळख क्रमांक असायचा आणि तो नेटवर्कला दिसायचा. मग माझं म्हणणं एवढंच: कोणतंही नेटवर्क बंद करताना नुसतं ‘सेवा बदलतेय’ असं मोघम कळवू नका. ‘तुमचा हा फोन अमुक तारखेपासून लागणार नाही’ असं सरळ मराठीत सांगा. टू-जी जाईल तेव्हा तरी!